बटाट्याची वोडका

सुरतेत दारूबंदी, म्हणून सुरतेचा माणूस दमणला जातो. सुरतेच्याच पर्वत पाटिया भागात साड्यांचं दुकान असलेला माझा नव्वद किलोचा दादाही गेला. सोबत वहिनी आणि मी. मी नर्स, दुसऱ्या दिवशी दुपारची ड्युटी, म्हणून लिंबूसरबत घेऊन बसले.

त्या दिवशी एकादशी होती. वहिनीच्या पोटात सकाळपासून नुसता चहा. वहिनी पंचेचाळीस किलो, तेही साडीसकट.

"बिअर नको, ती धान्याची," दादा म्हणाला. "वोडका बटाट्याची असते. उपवासाला चालते."

साबुदाणा, भगर, वोडका. वहिनीला पटलं.

"रिकाम्या पोटी नको गं," मी म्हटलं.

"ताई, खाल्लं तर उपवास मोडेल ना!"

घ्या!

दादा पापलेट आणि भात चापत होता. "आपल्यात भेदभाव नाही. जेवढी मला, तेवढी तिला." तीन-तीन पेग झाले. वहिनी आधी हसली, मग रडली, मग टेबलावर डोकं टेकलं. हलवलं तर फक्त "हं" म्हणायची.

"काहीतरी मिसळलंय!" दादा वेटरवर धावला. "मीही तेवढीच प्यायलो, मला बघ, काही नाही!"

त्याला आवरून आम्ही तिला लॉजवर आणलं. उलटी श्वासात जाऊ नये म्हणून मी तिला कुशीवर वळवलं आणि उशाशी बसले. श्वास मंदावला किंवा हाकेला ओ आली नाही, तर थेट इस्पितळ. मला भीती वाटत होती आणि दादाचा भयंकर राग येत होता.

"कुणी काही मिसळलेलं नाही," मी म्हटलं. "दारू अंगातल्या पाण्यात पसरते. चमचाभर मीठ पातेल्यात टाक आणि वाटीत टाक, खारट कुठलं होईल? तू पातेलं. त्यात बाईच्या अंगात वजनाच्या मानानंही पाणी कमीच. आणि तुझ्या पोटातल्या भातानं दारू अडवली, आतड्यात हळूहळू सोडली. तिच्या पोटात अडवायला होतं काय? लगेच आतड्यात, तिथून रक्तात."

"बरं, मग निघू या. मी गाडी चालवतो, मला चढलेली नाही."

"तसं तुला वाटतंय. किल्ली दे."

त्यानं किल्ली दिली. मग पुटपुटला, "पण हे एकादशीचं खूळ हवं कशाला?"

"तुझ्यासाठी! तुझी बायपास झाली तेव्हापासून धरलीय तिनं."

त्याला ठाऊकच नव्हतं. तो पलंगाच्या कडेला बसला आणि तिथून उठला नाही.

सकाळी वहिनीनं डोळे उघडले. "अहो, उपवास मोडला का हो?"

"नाही मोडला," दादा म्हणाला, आणि हा एवढा थोरला माणूस हमसून हमसून रडायला लागला.

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ताई, ह्यांना आत्ता चढली का?"