सतरा वर्षांच्या 'अ'चा करार

विद्यार्थ्यांच्या ईमेलांचा मला राग येतो. वर्गात तोंडाला कुलूप, आणि घरी गेल्यावर शंकांना पूर येतो. लॉच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीचा ईमेल मी असाच कुरकुरत उघडला. 'सर, शून्य करार आणि शून्यकरणीय करार यांत खरा फरक काय?' खाली परीक्षेत असतं तसं उदाहरण होतं. सतरा वर्षांच्या 'अ'ने बाभुळगावच्या दुकानदार 'ब'ला पाच वर्षं फक्त त्याच्यासाठीच भरतकाम करण्याचा करार सही करून दिला. अठरा पूर्ण झाल्यावर ती गप्प राहिली. आता 'ब' कोर्टाची धमकी देतो. करार शून्यकरणीय होता आणि 'अ'ने तो वेळेत मोडला नाही, म्हणून ती बांधली गेली ना?

चूक नेहमीचीच. मी मनातलं लाल पेन उचलणार, तेवढ्यात शेवटची ओळ दिसली : 'अ सोमवारपासून कॉलेज सोडून कामावर जाणार आहे.'

परीक्षेतला 'अ' कधी कॉलेज सोडत नाही. मी तिला लगेच बोलावून घेतलं.

बंजारा तांड्यावरची मुलगी, आईकडून भरतकाम शिकलेली. खुर्चीच्या टोकावर बसली.

"सही तुझी एकटीची? आईवडिलांची नाही?"

"माझीच, सर."

"अठरानंतर नवा काही करार? तोंडी तरी?"

"नाही, सर. बारावीनंतर कामच बंद केलं. सही तुझीच हाय, आता तू मोठी झाली, असं म्हणून राह्यला तो दुकानदार."

मी मोठा श्वास सोडला. "हे बघ. धाकानं किंवा फसवून सही घेतली, तर करार शून्यकरणीय. तो जिवंत असतो. फसलेल्या माणसाने मोडला तर मोडतो. सगळं कळूनही फायदा घेत राहिला, तर पक्का होतो. पण आपल्या कायद्यात अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाने केलेला करार मुळातच शून्य. मोठं झाल्यावर गप्प राहून काय, हो म्हणूनही त्यात जीव येत नाही."

"मंग मी रद्द कायले करू?"

"काहीच करायचं नाही. नोटीस आली तर माझ्याकडे घेऊन ये, वकिलाकडून उत्तर देऊ."

तिने तिथूनच आईला फोन लावला. त्यांच्या गोरबोलीत भराभर काहीतरी सांगितलं. 'याडी', म्हणजे आई, एवढंच मला कळलं. सांगता सांगता ती रडायला लागली आणि फोन माझ्या हातात दिला.

"सर," पलीकडून आई म्हणाली, "त्या कागदाचं आमाले काई समजत नाई. सोमवारी पोरीले कॉलेजात पाठवू का?"

इतकी वर्षं मी करार शिकवतोय, पण एवढा सोपा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. "पाठवा," म्हणालो, आणि फोन पोरीला परत दिला.