हॅंडओव्हर पत्रातला गाळलेला परिच्छेद

वाळूजच्या आमच्या कारखान्यात ईआरपी, म्हणजे खरेदीपासून हिशेबापर्यंत सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, बसवायचं काम चाललं होतं. कारखान्याच्या बाजूनं प्रोजेक्ट मॅनेजर मी होते. दुष्काळ होता, एमआयडीसीच्या पाण्यात कपात झाली होती. गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करायचा दिवस, तोंडावर असताना कळलं की स्टोअर्स आणि खरेदीचं मॉड्यूल बघणारा सॉफ्टवेअर कंपनीचा कन्सल्टंट काम सोडतोय. कारण घरगुती म्हणे. मला ते पटलं नाही.

संध्याकाळी त्याचं हॅंडओव्हर पत्र, काम सोपवून देण्याचं, मेलवर आलं. काय झालं, कुठल्या चाचण्या राहिल्या, सगळं लिहिलेलं. शिवाय ‘माझा लॉगिन लगेच बंद करा’ अशी सूचना. इतका सरळपणा बघून संशय उलट वाढला. एका परिच्छेदात होतं की प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा चढवायला, बाहेर पाठवलेला माल नव्या सिस्टीममधल्या सुरुवातीच्या शिलकीत दोनदा धरला जातोय, आपल्या गोदामात आणि प्लेटिंगवाल्याकडेही. हे जुळल्याशिवाय गो-लाइव्ह करू नका. मला वाटलं, जाता जाता स्वतःची चूक आमच्या गळ्यात बांधतोय.

दुसऱ्या दिवशी त्याच्या कंपनीनं त्याच पत्राची ‘अंतिम प्रत’ पाठवली. खाली नाव त्याचंच, पण तो परिच्छेद गायब.

मी त्याला कॅन्टीनमध्ये गाठलं.

“मॅडम, पहिलं पत्र माझं. दुसऱ्यावर फक्त नाव माझं आहे.”

तुम्हाला काढलं का, असं विचारलं, तर म्हणाला, “तुम्ही माल मोजून घ्या.”

स्टोअर्सच्या साहेबांना घेऊन मी गंगापूर रोडवरच्या प्लेटिंगवाल्याकडे गेले. पत्र्याखाली आमच्या क्रेटच्या थप्प्या लागल्या होत्या. तिथला सुपरवायझर वैतागला होता. “पाणीच नाय, मॅडम. टँकर आला तर टाक्या चालत्यात. तुमचा माल लई दिवसांचा पडून हाय.”

टेस्ट सिस्टीमशी ताडून पाहिलं. तोच माल प्लेटिंगवाल्याकडेही दिसत होता आणि आमच्या गोदामातही. आमच्या स्टोअर्सनं दिलेल्या शिलकीतून बाहेर गेलेला माल वजाच केला नव्हता आणि कन्सल्टंटच्या कंपनीनं प्लेटिंगवाल्याची यादी त्यावर वेगळी चढवली होती. यंदा पाण्याअभावी तिथं माल साचला होता; एरवी थोडाच असतो, फरक नजरेत आला नसता.

बैठकीत कन्सल्टंटच्या कंपनीचा मॅनेजर गोड आवाजात म्हणाला की हे गो-लाइव्हनंतर दुरुस्त होईल. मी दोन्ही प्रती डायरेक्टरसाहेबांपुढे ठेवल्या. त्यांनी सावकाश वाचल्या आणि विचारलं, “हा भाग कोणी काढला?” मॅनेजर म्हणाला, भाषा सुधारताना राहून गेला असेल.

डायरेक्टरसाहेबांनी गो-लाइव्ह पुढं ढकललं. माल मोजून शिल्लक पुन्हा चढवली, ती जुळली.

त्या कन्सल्टंटनं नोकरी सोडली की त्याला जायला लावलं, हे मला कधीच कळलं नाही. त्याच्या जागी कंपनीचा नवा माणूस आला, हसतमुख होता. त्याच्या प्रत्येक वाक्यात काय गाळलंय, हेच मी शोधत राहिले.