मलाही दिसली नसती

बायको दारात तांदूळ निवडत होती आणि तिच्यासमोरून कोणीतरी माझी सायकल नेली. तिला म्हणे दिसलंच नाही. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. रेल्वेत गाड्यांसाठी रूळ बदलणारा पॉइंट्समन होतो मी, माझ्या नजरेतून काही सुटत नसे.

तांबरमच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकणाऱ्या नातीने कॉम्प्युटरवर फिल्म लावली. "आजोबा, पांढऱ्या कपड्यांतल्या मुली चेंडू किती वेळा टाकतात, मोजा."

मी बरोबर मोजलं.

"आणि छत्रीवाली बाई?"

"कुठली बाई? फिल्म बदललीस तू."

तिने तीच पुन्हा लावली. उघडी छत्री घेऊन एक बाई मुलींमधून सावकाश चालत गेली.

"मोजण्यात गुंतलेल्या पुष्कळांना ती दिसत नाही," नात म्हणाली.

मी स्वयंपाकघरात गेलो. "सायकल मलाही दिसली नसती."

"बसा, पान वाढते," बायको म्हणाली.