सहा नंबरचा ट्रॅक

आमच्या मंडळाच्या सेक्रेटरींची पेन ड्राइव्हवर अपार श्रद्धा आहे. कुठलीही अडचण सांगा, यांचा हात खिशात जातो. अभंगांच्या कार्यक्रमाच्या दिवशी रुआबांधा वस्तीतल्या हॉलमध्ये मी डिजिटल मिक्सर मांडत होतो, तर हे आलेच. मुख्य गायक तेच, पेटीवरही तेच आणि अक्कल पाजळायलाही तेच.

"हे लावून टाक, झालं रेकॉर्डिंग," पेन ड्राइव्ह पुढे करत ते म्हणाले. "कावून एवढा लॅपटॉप-बिपटॉप घेऊन आला?"

मी त्यांना समजावून सांगितलं, म्हणजे पाणउतारा करण्याच्या सुरात सांगितलं. पेन ड्राइव्हवर हॉलमध्ये वाजतं ते एकत्र झालेलं गाणं येतं, शिजलेल्या वरणासारखं. त्यातून मीठ परत काढता येत नाही. मिक्सरच्या मागून यूएसबीची वायर लॅपटॉपला जोडली, की प्रत्येक माईकचा वेगळा ट्रॅक येतो. घरी बसून एकेकाचा आवाज कमी-जास्त करता येतो. ते "हो, हो" म्हणाले आणि पेन ड्राइव्ह तसाच टेबलावर ठेवून गेले. असल्या माणसांच्या हातात मंडळ आहे.

हा सगळा खटाटोप मी बाबांसाठी करत होतो. बाबा स्टील प्लांटमधून रिटायर झाले, पण सेक्रेटरींच्या मागे बसून साथीला गाणं काही सुटलं नाही. तीस वर्षांत किती कॅसेटी, किती सीड्या निघाल्या. एकीतही त्यांचा आवाज धड ऐकू येत नाही. मी त्यांना म्हटलं होतं, "या वेळी तुमचा ट्रॅक वेगळा घेतो. तुम्ही ऐकू येणार म्हणजे येणार."

"पाहू," ते म्हणाले, पण त्या दिवशी सकाळपासून मीठ-पाण्याच्या गुळण्या चालल्या होत्या.

माझ्याकडून चूक होणं शक्यच नव्हतं. मिक्सर आणि लॅपटॉपचा सॅम्पल रेट एकच ठेवला, लॅपटॉप मध्येच झोपू नये याची सोय केली, एकेका माईकवर टिचकी मारून ट्रॅक तपासले. बाबांचा सहावा. यूएसबीकडे जाणारा आवाज मी गेनच्या, म्हणजे माईकचा आवाज आत येताच वाढवणाऱ्या पहिल्या बटणाच्या, लगेच पुढून घेतला होता. म्हणजे हॉलसाठी फेडरची सरकपट्टी खाली आणा, माईक म्यूट करा, रेकॉर्डिंगला धक्का लागत नाही. सेक्रेटरींना हे सात जन्मांत कळलं नसतं.

पहिला अभंग ठीक गेला. दुसऱ्यात बाबांचा दम तुटला आणि वरचा सूर हलला. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी माना वळवल्या. सेक्रेटरींनी पेटीवरूनच माझ्याकडे बघून कपाळाला आठी घातली. त्या माणसाच्या आठीची मला कवडीची किंमत नाही, पण माझं बोट सहाव्या चॅनलच्या म्यूटवर गेलं. मला लाज वाटली होती, दुसरं काही नाही. वर स्वतःला सांगितलं, हॉलमध्ये नसेना का, रेकॉर्डिंगमध्ये तर येतंच आहे. घरी नीट करू.

पुढचे पाचही अभंग बाबा ओठ हलवत होते, टाळ वाजवत होते. मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडफोन लावून मी सहावा ट्रॅक एकटाच ऐकला. पहिला अभंग, मग दुसरा, तो हललेला सूर. तो सूर इतका वाईट नव्हता. अभंग संपला, टाळ्या वाजल्या, आणि त्यात बाबांचा हळू आवाज आला. बाजूच्या तबलजींशी बोलत होते.

"मले माझा आवाज आयकू नाही येऊन राहिला. पोरानं बंद केला वाटते."

"सांगू का त्याले?"

"राहू दे. चारचौघात त्याले कावून टोकतं? मी नुसतं तोंड हलवतो."

पुढच्या पाच अभंगांत त्या ट्रॅकवर टाळ आहेत, शेजारून आलेला तबला आहे, सेक्रेटरींची पेटीसुद्धा आहे. बाबा नाहीत. गेन वाढवून पाहिला. तबलाच मोठा झाला.

संध्याकाळी बाबांनी चहा पुढे ठेवला. "झालं का रेकॉर्डिंग?"

"झालं."

"सेक्रेटरीचा आवाज बरा आला ना? लई मेहनत घेतली त्यानं."

स्वतःबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. मी "आला" म्हटलं आणि चहाचा कप उचलला.