दोष पाण्याचा नव्हता

आमचा भाजीचा मळा केनवडच्या रस्त्याला लागून होता, आणि त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला माझ्या रात्रीची हकीकत कळायची. कुंपणावर माझी गोधडी वाळत असायची. मी सात वर्षांची होते. लोक मला ओळखत नसत, गोधडीला ओळखत.

रात्रीचं एक वेळ खपलं असतं, पण दिवसाही परकर ओला व्हायचा. हसले की थेंब, पळाले की थेंब. बाजाराच्या दिवशी बाबा बैलगाडीत भाजी भरत आणि जुड्यांवर बसायचा मान माझा. तोही असाच गेला. एकदा मी कोथिंबिरीवर बसले आणि वाटेतच घात झाला. बाजारात एक बाई जुडी उचलून म्हणाली, "लय ताजी दिसून राह्यली हो, आत्ताच पानी मारलं वाटते."

बाबा खोटं बोलणारे नव्हते आणि खरं सांगण्याजोगं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातली जुडी काढून घेतली आणि सगळी कोथिंबीर बैलांना चारली. बैल खूश झाले. माझं गाडीत बसणं मात्र त्या दिवसापासून बंद. मी धाय मोकलून रडले. एरवी आठवडाभर मी त्या गाडीचीच वाट पाहत असे.

बाबांनी उपाय काढला तो माळ्याचा. वाफा ओला राहतो म्हणजे पाणी जास्त होतं, पाण्याचा दांड बंद करावा. त्यांनी माझं पाणी आधी संध्याकाळी तोडलं, मग दुपारपासूनच. चहूकडे मोटेचं पाणी खळखळत असायचं आणि मी कोरड्या जिभेने वांगी तोडायची. कधी दांडाला तोंड लावून चोरून प्यायची, पकडले गेले की चापट बसायची. गोधडी तरी भिजतच राहिली. बाबांना काही समजेना.

त्या दिवसांत मायला दिवस गेले होते. तिचं पोट पाहायला म्हातारी सुईण यायची. एका सकाळी मायचं तपासून झाल्यावर तिने सहज मला जवळ ओढलं. "ये वं, तुह्यं पाहू."

मी खिदळले आणि अर्थातच परकर भिजवला. म्हातारी हसली नाही. तिची बोटं माझ्या ओटीपोटावर डाव्या अंगाला थांबली. तिने पुन्हा दाबून पाहिलं.

"हे पोट्टी परसाकडे जाते का वं?"

"रोज जाते, मावशी," माय म्हणाली. "बायांसंगं."

"जाते, पन मोकळी व्हते का?"

आता माझी झडती सुरू झाली. मला सगळं सांगावंच लागलं. पहाटे बायका झपाझप आटपून उठत. मागे डुकरं टपलेली असत, आणि एकटं राहायची मला भयंकर भीती. म्हणून मी थोडंसं करून उठायची, बाकीचं दाबून ठेवायची. लुगड्यांच्या मागे पळायची.

"हे पाह्य, लिंबाएवढ्या गाठी लागून राह्यल्या," म्हातारी बाबांना हाक मारून म्हणाली. "आतडं भरून फुगलं हाये. म्होरं मुताची पिशवी, तिले जागाच नाई. थोडं भरलं का सांडते. पोरीचा काय गुन्हा?"

"म्या तं पानी बंद केलं, मावशी."

"म्हनून तं आतलं अजून वाळलं! कायले तोडलं रे पानी? शेपूचा वाफा हाये का हे?"

बाबांएवढ्या मोठ्या माणसाला कुणी असं झाडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला.

चार दिवस दुधातून एरंडेल. त्या चार दिवसांचं वर्णन मी करणार नाही. मायने देवाला हात जोडले एवढंच सांगते. म्हातारीने पुन्हा पोट चाचपलं आणि म्हणाली, "आता मोकळं हाये. पन एवढ्यानं भागनार नाई. आतडं ढिलं पडलं, तीन-चार महिने जपा." दिवसभर पाणी, भिजवलेल्या मनुका, पपई, आणि जेवल्यावर रोज निवांत बसायचं, घाई नाही.

निवांत बसायला जागा बाबांनी केली. मळ्याच्या कोपऱ्यात तुराट्यांचा आडोसा उभारला. मी आत, ते बाहेर पाठ करून गोफण घेऊन बसलेले. डुक्कर दिसलं की दगड सुटायचा. मधूनमधून विचारायचे, "झालं का वं?" मी मुद्दाम "नाई" म्हणायची. बाबा इतका वेळ फक्त माझ्यासाठी बसलेत, हे मला सोडवत नसे.

दिवसाचे थेंब महिन्याभरात थांबले. गोधडीने जास्त वेळ घेतला. एक दिवस कोरडी, दोन दिवस ओली, मग आठवडेच्या आठवडे कोरडी. रस्त्यावरचे लोक विचारू लागले, मळेवाले गाव सोडून गेले की काय.

मग एका बाजाराच्या दिवशी बाबांनी मला उचलून कोथिंबिरीवर बसवलं. मी अंग आखडून बसले. वाटेत तहान लागली तरी बोलले नाही. अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडी थांबवली, तांब्या भरून माझ्यापुढे धरला.

"पी."

"नको."

"पी वं माय," बाबा म्हणाले. "लय दिवस तहानेली ठेवली तुले."

मी तांब्या रिकामा केला. ते पाहत राहिले, आणि विचारलं, "अजून देऊ?"