एक वीत म्हणजे पाव तास

ट्रेसरबाईंनी एकतीस वर्षांत किती गावं काढली असतील, याचा हिशेब त्यांनाही सांगता आला नसता. भूमापन कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या तिरक्या टेबलाशी बसून त्यांनी जुन्या नकाशांवर मेणकापड पसरलं आणि त्यावर शाईनं हद्दी, ओढे, पाऊलवाटा गिरवल्या. पुढे मेणकापड गेलं, संगणक आला. बाकीचे कुरकुरत होते तेव्हा बाई पन्नाशीला टेकल्या होत्या. त्यांनी गपचूप माऊस हातात घेतला आणि तीन महिन्यांत सगळ्यांच्या पुढे गेल्या. फक्त एक गोष्ट राहून गेली होती. गिरवलेल्यांपैकी एकाही गावात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

निवृत्तीला सात महिने उरले असताना गावकऱ्यांकडून त्यांच्या गावांचे नकाशे काढवून घेणारा कर्मचारी जिन्यावरून पडला आणि पाय मोडून घरी बसला. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्ही जाल का?" नवऱ्यानं जेवताना विचारलं, "तू? उन्हात?" बाईंनी दोघांनाही तेच उत्तर दिलं, "जाऊन तरी बघते."

गाव डोंगराच्या पायथ्याशी होतं. शाळेच्या लांब खोलीत बाकं भिंतीला सारून मध्ये चार मोठे कागद चिकटवून पसरले होते. पाणी, चराई, सरपण, वाटा, जे जे गावाला उपयोगी पडतं ते म्हाताऱ्या माणसांनी आपल्या हातानं काढायचं, असा बेत होता. वीसेक जण आले. पण बोलणारे तिघंच. निवृत्त मास्तर, ज्यांना प्रत्येक गोष्टीचं साल पाठ. शिंपीणआजी, जिची गळ्यातली मोजपट्टी सत्तरीतही उतरली नव्हती. आणि गुराखीबाबा, ज्यांनी उभा जन्म गावची गुरं डोंगरावर नेली आणि आता कानानं कमी ऐकत होते.

बाईंनी सुरुवातीलाच घोळ घातला. सवयीनं स्वतःच पेन उचललं, कागदाच्या वरच्या कडेला उत्तरेचा बाण काढला आणि विचारलं, "हं, नदी कुठे?"

शिंपीणआजीनं वाकून बाणाकडे बघितलं. मग म्हणाली, "बाई, नदी त्या दाराकडे आहे. तुमच्या कागदात ती भिंतीत गेली."

तिनं कागदाचं टोक धरलं, मास्तरांना दुसरं धरायला लावलं आणि अख्खा कागद फिरवला. आता नदीची बाजू दाराकडे, डोंगराची बाजू फळ्याकडे आली. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या. त्या क्षणापासून कागद भरभर भरू लागला. निळ्या खडूनं पाणी, हिरव्यानं चराई, तपकिरीनं वाटा. कुठून कुठे किती, ते गुराखीबाबा वीत टाकून दाखवत होते. बाई प्रत्येक खुणेला फक्त क्रमांक देत होत्या आणि वहीत लिहीत होत्या की ती कोणी सांगितली.

खडू मात्र बाबांनी स्वतः हातात घेतला तो डोंगराच्या बाजूला. शाळेपासून त्यांनी बोटांनी वीत मोजली, एक, दोन, तीन, चार, आणि तिथे एक मोठा निळा गोळा काढला.

"दगडी कुंड," ते म्हणाले.

"कसलं कुंड?" मास्तर हसले. "अरे, तिथे काही नाही. मी चाळीस वर्षं इथे शिकवलं. वर पाणी नाही."

"तुम्ही शाळेत शिकवलं," बाबा म्हणाले. "मी वर होतो."

मास्तरांनी फडकं उचललं. बाईंनी त्यांच्या हाताला हात न लावता मध्येच सांगितलं, "पुसू नका, मास्तर. तुटक रेघ काढूया आणि शेजारी प्रश्नचिन्ह. तुमचं म्हणणंही लिहिते. खरं काय ते जागेवर बघू." मास्तरांना ते पटलं नाही, पण आपलं म्हणणं वहीत चढलं म्हणून ते बसले.

कार्यालयात परतल्यावर बाईंनी कागदाचा वरून सरळ फोटो घेतला आणि तो उपग्रहाच्या चित्रावर बसवायला घेतला. त्यासाठी दोन्हीकडे नक्की ओळखू येतील अशा खुणा लागतात. शाळा, पूल, पाण्याची टाकी, गिरणी आणि तिठा, अशा पाच मिळाल्या. गाव बऱ्यापैकी जागेवर बसलं, शंभरेक मीटर इकडेतिकडे. पण कुंड शाळेपासून चार किलोमीटरवर, डोंगराची धार ओलांडून, शेजारच्या गावाच्या हद्दीत जाऊन पडलं.

दुसरा कोणी असता तर म्हाताऱ्याची चूक म्हणून मोकळा झाला असता. बाईंना मात्र चैन पडेना. पाचही खुणा सपाट गावठाणातल्या होत्या. डोंगराकडे एकही नव्हती, म्हणजे तिकडचं सगळं संगणकानं नुसतं ताणून ठोकून दिलं होतं. हे एक झालं. पण शाळा ते पूल बरोबर एक वीत, टाकी ते तिठा पाऊण वीत, असं मोजून काढणारा माणूस डोंगराकडेच का चुकेल? बाई टेबलावर कोपर टेकून कागदाच्या फोटोकडे बघत बसल्या. शिपायानं चहा ठेवला, तो थंड झाला.

मग त्यांनी मास्तरांना फोन लावला.

"मास्तर, बाबांना एवढंच विचारा, शाळेपासून कुंडापर्यंत जायला वेळ किती लागायचा?"

पलीकडे बरीच ओरडाओरड झाली. मग मास्तर म्हणाले, "तासभर म्हणतो. पाव तास पायथ्यापर्यंत, पुढे चढ. चढाला गुरं दोनदा थांबायची, असंही सांग म्हणतो."

"आणि पुलापर्यंत?"

"पाव तास."

एक वीत म्हणजे पाव तास. बाबांनी अंतर काढलंच नव्हतं, वेळ काढला होता. सपाटीवर पाव तासात किलोमीटरभर जाणारा माणूस गुरांमागे चढावर निम्मंच जातो. म्हणजे पायथ्यापर्यंत एक किलोमीटर आणि वर दीड, असं अडीच किलोमीटरवर कुंड असायला हवं, धारेच्या अलीकडे, गावाच्याच हद्दीत. उपग्रहाच्या चित्रात तिथे दाट झाडीचा गडद डाग होता आणि त्याखाली काही असलं तरी वरून दिसणं शक्य नव्हतं. एकतीस वर्षांत गिरवलेल्या एकाही रेघेनं बाईंना असं कोड्यात टाकलं नव्हतं. त्यांनी तो कागद ताणून बसवायचा नाद सोडला, एकेक खूण चित्रावर वेगळी मांडली आणि प्रत्येकीपुढे लिहिलं, 'सांगितलेली, तपासायची.'

तपासणीला हातात मावेल एवढं जीपीएस यंत्र घेऊन त्या निघाल्या. बाबा पुढे, बाई मध्ये आणि "खोटं ठरलं तर सांगायला कोणी हवं" म्हणून मास्तर मागे. शिंपीणआजी पायथ्यापर्यंत आली. उतारावर बोट दाखवून तिनं औषधी मुळीची जागा दाखवली, जी कागदावर तिनंच काढली होती. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या. जागा किती मीटर इकडेतिकडे असू शकेल याचा आकडा यंत्र आधी बारा दाखवत होतं. तो उतरत उतरत तीनवर आला तेव्हा त्यांनी बिंदू घेतला. दिवसातला तो सगळ्यात नेमका बिंदू. मग आजी घरी वळली.

वर चढताना एका वळणावर बाबा थांबले, त्यांनी मागे वळून बघितलं. गुरं थांबायची ती जागा असावी. झाडीत शिरल्यावर पंधरावीस पावलांनी त्यांनी काठी पाचोळ्यात खुपसली. काठी अर्धी आत गेली, वर निघाली ती ओल्या काळ्या चिखलानं माखून.

बाईंनी पाचोळा बाजूला केला. घडीव दगडांची एक कड दिसली, पुढे दुसरी. खोलीएवढं कुंड, काठोकाठ गाळानं भरलेलं.

मास्तरांनी वाकून दगडांमधला गाळ बोटानं दाबून बघितला. "पाणी नाहीच आहे," ते म्हणाले.

"नाही," बाबा म्हणाले.

झाडांखाली यंत्र अठरा मीटरच्या खाली उतरेना. बाई बाहेर मोकळ्यावर आल्या, तिथे बिंदू घेतला आणि कुंड तिथून कोणत्या दिशेला किती पावलांवर आहे ते वहीत लिहिलं. त्यांच्या हिशेबापेक्षा कुंड दोनशे मीटर अलीकडे निघालं. बाबांनी कागदावर धारेजवळ दाखवलेला हद्दीचा दगड मात्र तासभर शोधूनही मिळाला नाही. मास्तरांचा चेहरा खुलला. बाईंनी ती खूण काढून टाकली नाही, पुढे 'आढळला नाही' एवढंच लिहिलं.

पंधरा दिवसांनी छापलेला नकाशा घेऊन त्या परत शाळेत आल्या. लोक कागदावर ओणवे झाले. दोन वाटांची नावं बदलली, एक विहीर वाढली. कुंडापुढे 'गाळानं भरलेलं' असं लिहिलेलं मास्तरांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हे बरोबर आहे. दोघांचंही."

शिंपीणआजी मात्र एका हिरव्या ठिपक्यावर बोट ठेवून बसली होती.

"बाई, हा पुसा."

"का, आजी? जागा चुकली का?"

"चुकली नाही, म्हणून तर सांगते. हा कागद गावाबाहेर जाणार ना? मग महिन्याभरात पोती घेऊन माणसं येतील आणि मुळीसकट उपटून नेतील. मी तुम्हाला सांगितलं. कागदाला नव्हतं सांगितलं."

बाई अवघडल्या. हातून एवढा नेमका बिंदू जावा, हे त्यांच्या जिवावर आलं. "नकाशात ठेवत नाही, नुसता माझ्याकडे राहू दे," असं त्या म्हणणार होत्या. पण खोलीतले सगळे आजीकडे नव्हे, त्यांच्याकडे बघत होते. चूक तर त्यांचीच होती. काय दाखवायचं आणि काय नाही, हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं.

त्यांनी संगणक उघडला आणि सगळ्यांसमोर बिंदू काढून टाकला. यंत्रातला काढला, कागदाच्या फोटोतला पुसला. मग वहीतलं ते पान आजीच्या हातात दिलं. आजीनं त्याची घडी घालून चोळीत ठेवली आणि विचारलं, "तुमच्या डोक्यातून कसा काढायचा?"

"तेवढा राहू दे," बाई म्हणाल्या. आजी हसली.

मूळ कागद शाळेच्या कपाटात राहिला, तो ठिपका वगळून पुन्हा छापलेली प्रत भिंतीवर लागली. उरलेल्या महिन्यांत बाईंनी साहेबांच्या मागे लागून आणखी दोन गावं मागून घेतली. पहिल्याच दिवशी, पेन वाटायच्या आधी, त्या विचारू लागल्या, "कागदावर काय नको?" एका गावात या प्रश्नावर सकाळ संपली आणि त्यांना ती वाया गेल्यासारखी वाटली नाही.

निवृत्तीनंतर उन्हाळ्यात मास्तरांचा फोन आला. गावानं श्रमदानानं कुंडातला गाळ उपसला होता. "किती पाणी आहे ते बघून सांगा," ते म्हणाले, "आमच्यात एकमत होत नाही."

बाई बसनं गेल्या, आणि यंत्र कार्यालयात जमा झालं असल्यामुळे वाटेत काठी तोडून घेतली. कुंडात घोट्याएवढं गढूळ पाणी होतं. बाबांबरोबर आलेली दोन वासरं पीत होती. खालून झिरपतं आहे की मागच्या पावसाचं साठलेलं आहे, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. बाईंनी काठी दगडांच्या फटीत रोवली, पाण्याच्या उंचीला तिच्यावर नखानं खूण केली आणि बाबांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाल्या, "आठ दिवसांनी येते. तोपर्यंत हिला हलवू देऊ नका."

बाबांनी मान डोलावली आणि वासरांना दुसऱ्या कडेला हाकललं.