दोन हिरव्या ओळी

माझी भाची नव्या रुग्णालयाच्या प्रकल्पात कामाला होती. नऊ तुकड्यांचे आठवड्याचे अहवाल एकत्र करून ती प्रकल्पावर देखरेख करणाऱ्या सुकाणू समितीसाठी एकपानी तक्ता बनवायची. त्यात टप्पे, तारखा आणि जोखमी असत. वेळेवर चाललेलं हिरवं, अडलेलं लाल.

एकदा तिला दिसलं, की तपासणीचं यंत्र दहा तारखेला बसणार, पण त्याची वीजजोडणी पंचवीसला. दोन्ही तुकड्या आपापल्या तारखा पाळत होत्या, म्हणून दोन्ही ओळी हिरव्या. तिने वीजवाल्या साहेबांना फोन केला.

"ताई, आमचं वेळेवर आहे ना? मग उगाच लाल कशाला फासताय?" ते हसले.

पोर भिडस्त. तिने ती जोखीम तक्त्यात न घेता त्यामागे जोडलेल्या पानावर टिपेत टाकली. समितीने तक्ता पाहून माना डोलावल्या. मागचं पान कुणी उलटलंच नाही.

यंत्र आलं, पण वीज नव्हती. बसवणारे तंत्रज्ञ परत गेले, ते दोन महिन्यांनी आले. तपासणीचा विभाग तेवढाच उशिरा उघडला.

"मामा, ते दोघंही वेळेवरच होते," ती परवा म्हणाली. "दोन्ही तारखा शेजारी ठेवून पाहणारी मी एकटीच होते."

आता तिच्या तक्त्यात पहिलाच रकाना असतो: कोण कुणासाठी थांबलंय. तो समितीला दाखवताना तिचा आवाज अजूनही दबतो.